सुपर चॅटचे पाच हजार खात्यात पोचेपर्यंत

"लाईव्हमध्ये सुपर चॅटचे ५,००० आले की यूट्यूब ३० टक्के घेतं, ३,५०० आपले. चार दिवसांत खात्यात जमा. शिवाय ती भेट, म्हणून ५०,००० पर्यंत टॅक्स नाही." (ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज)

३० टक्के खरे, पण ते ५,००० वर कापलेच जात नाहीत. आमच्या वहिनी एकादशीला घरूनच लाईव्ह भजनं म्हणतात. त्यांच्या स्क्रीनवर १० जणांनी मेसेजसोबत पाठवलेले ५००-५०० सुपर चॅट म्हणून चमकले, म्हणजे ५,०००. आता एक ५०० घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, तो काढला की उरतात साधारण ४२४. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे २९७ वहिनींचे. पैसे आयफोनवरच्या ॲपमधून आले असतील तर वाटणीच्या आधी ॲपलची कात्री लागते. ती ३० टक्के धरली तर ४२४ चे २९७ होतात आणि वहिनींच्या हाती २०८ च्या आसपास.

त्या दिवशी सहा जण अँड्रॉइडवाले आणि चार आयफोनवाले होते. हिशेब केला तर जेमतेम २,६१०, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. वहिनींना पटेना, म्हणून यूट्यूब स्टुडिओ या चॅनेल सांभाळायच्या ॲपमधला कमाईचा आकडा उघडून दाखवला. चॅटमध्ये दिसते ती देणाऱ्याने मोजलेली रक्कम, स्टुडिओत दिसतो तो आपला वाटा. आता त्या सुरुवातीलाच सांगतात, "आयफोनवाल्यांनो, द्यायचेच असतील तर ब्राउझरमधून द्या." तिथे ॲपलचा वाटा लागत नाही.

चार दिवसांचं म्हणाल तर स्टुडिओतला आकडाही आधी अंदाजीच असतो. कुणाचा व्यवहार परत गेला तर तेवढे वजा होतात. महिना संपल्यावर पुढच्या महिन्यात आकडा पक्का होतो आणि पैसे साधारण २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. तेही ॲडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबची कमाई जमा होते त्या गूगलच्या खात्यात, १०० डॉलर साठले असतील तरच, नाहीतर रक्कम पुढे ढकलली जाते. वहिनींचे २,६१० एकटे त्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाहीत. ते पुढच्या एकादशीची वाट बघत बसले!

भेटीचं मात्र मला सगळ्यात खटकलं, कारण ते वाचून एखादा रिटर्नमध्ये काहीच दाखवणार नाही. ५०,००० ची ती सवलत मोबदल्याशिवाय मिळालेल्या भेटीला आहे. इथे तुम्ही नेमाने कार्यक्रम करता, लोक त्यासाठी पैसे देतात आणि ते यूट्यूबमार्फत कमाई म्हणून येतात. हे धंद्याचं उत्पन्न. क्यूआर कोड लावून थेट यूपीआयवर घेतलेत तर यूट्यूबची कात्री वाचेल, पण उत्पन्न ते उत्पन्नच. त्याच नियमाने माइकचा आणि नेटचा खर्च मात्र त्यातून वजा करता येतो, त्यामुळे बिलं जपून ठेवा.