कसारा घाटाच्या अलीकडचे

‘उमेदवारात लवचिकता कमी आहे’ असा शेरा अंधेरीच्या एका कंपनीने माझ्या अर्जावर मारला आहे, आणि तो माझ्या दोन प्रश्नांमुळे मारला गेल्याने अजूनही मनात सलतो आहे. मी डोंबिवलीत भाड्याने राहतो. हातात दोन नोकऱ्या होत्या : अंधेरी एमआयडीसीत हाती ४६ हजार, दुपारी १ ते रात्री १० अशी पाळी, आणि ऐरोलीत ४१ हजार, ९ ते ६. अंधेरीची कंपनी स्थलांतर भत्ता आणि रात्री ९ नंतर सुटणाऱ्यांना घरपोच गाडी देते, असे जाहिरातीत होते. म्हणून मी मनुष्यबळ विभागातल्या मॅडमना आधी भत्त्याविषयी विचारले.

“सर, तो बाहेरगावच्या उमेदवारांना असतो. तुम्ही मुंबईतच राहता.”

“मॅडम, डोंबिवली ठाणे जिल्ह्यात येते. आमची महापालिकासुद्धा वेगळी आहे.”

“पण तिथे लोकल येते ना?”

“लोकल कसाऱ्यालाही जाते.”

“मग कसाराही आम्ही मुंबईतच धरतो,” त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या. “नाशिकच्या उमेदवाराला मात्र भत्ता मिळतो.”

म्हणजे घाट चढल्यावर भत्ता लागू होतो आणि घाटाखालचे सगळे मुंबईकर, हे मी मान्य केले. मुंबईकर झाल्याच्या आनंदात मी गाडीचे विचारले, तर संगणकावर काहीतरी पाहून त्या म्हणाल्या, “सॉरी सर, डोंबिवली शहराच्या हद्दीबाहेर दाखवतंय. गाडी मुलुंड चेकनाक्यापर्यंतच सोडते.”

“आत्ताच तर मी मुंबईत होतो!”

“ती भत्त्याची मुंबई, सर. ही गाडीची.”

मुलुंड चेकनाक्यावर उतरून, तिथून रिक्षाने स्टेशन गाठून, रात्री अकराच्या सुमाराला धीम्या लोकलची वाट पाहायची, असा त्यांचा तोडगा होता. त्या चेष्टा करत नव्हत्या, हे मला जास्त लागले. प्राप्तिकर खात्याचे निदान धोरण एक आहे : जुन्या करप्रणालीत घरभाड्याच्या सवलतीची मर्यादा मुंबईत राहणाऱ्यासाठी मूळ पगाराच्या ५० टक्के असते आणि डोंबिवलीकरासाठी ४०. डोंबिवली मुंबईत नाही, हे ते खाते दरवर्षी स्वच्छ सांगते आणि पैसे कापून घेते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. अंधेरीसाठी शेअर रिक्षा, घाटकोपरपर्यंत लोकल, जिना, मेट्रोने मरोळ नाका आणि पुन्हा रिक्षा असे पावणेदोन तास एका बाजूला जातात. ऐरोलीला ठाण्याला गाडी बदलून सव्वा तासाच्या आत पोहोचता येते. महिन्याला २२ दिवस धरले तर कामाचे नऊ आणि प्रवासाचे साडेतीन तास मिळून अंधेरीचे २७५ तास होतात, ऐरोलीचे जवळपास २५०. पास, मेट्रो, रिक्षा आणि मध्यरात्र उलटली तर रिक्षाचे सव्वापट भाडे धरून अंधेरीला पाच हजारांच्या वर खर्च आहे, ऐरोलीला दोन हजार. तो वजा केल्यावर अंधेरीला तासाला सुमारे १४८ रुपये पडतात आणि ऐरोलीला १५६. पाच हजारांनी जास्त असलेला पगार प्रत्यक्षात कमी निघाला. शिवाय ऐरोलीचा माणूस संध्याकाळी घरी पोहोचतो आणि अंधेरीचा माणूस घरचे झोपल्यावर, ते कोणत्या रकान्यात लिहायचे हे मला सुचले नाही.

“मग अंधेरीलाच राहायला जा ना,” असे मॅडमही म्हणाल्या होत्या, म्हणून एजंटाकडेही गेलो. मरोळला वन बीएचकेचे भाडे ३४ हजार, म्हणजे आमच्या भाड्यापेक्षा २० हजारांनी जास्त. एक महिन्याची दलाली ३४ हजार, सामानाचा टेम्पो आणि हमाल नऊ हजार, करारनाम्याचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून दोनेक हजार. हे परत न मिळणारे ४५ हजार अकरा महिन्यांच्या करारावर पसरले, तर महिन्याला आणखी चार हजार होतात. लाखभर अनामत घरमालकाकडे अडकते ती वेगळीच. म्हणजे ४६ हजारांतले २४ हजार केवळ प्रवास वाचवण्यात जातात, आणि अकरा महिने उलटले की एजंट नूतनीकरणाची दलाली मागायला दारात हजर असतो. त्याने त्यासाठी नेमके काय केलेले असते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

मी ऐरोली घेतली. अंधेरीची जागा नाशिकच्या एका मुलाला मिळाली. आमच्याच गल्लीत खोली पाहायला आला असताना त्यानेच सांगितले. अंधेरीचे भाडे ऐकून तो डोंबिवलीपर्यंत मागे सरकला होता. भत्ता त्याच्या खिशात आहे आणि रात्रीची गाडी त्यालाही मुलुंड चेकनाक्यापर्यंतच सोडते.