सुनावणं आणि लिहून देणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नव्या पोराची चूक चिठ्ठीवर लिहून द्यावी, या माझ्या म्हणण्यावर एका दादांची प्रतिक्रिया आली: “पोराने चूक केली की समोर उभं करून सुनवावं, विषय संपला. कागदावर गोड लिहिलं तर पोरं शेफारतात, कडक लिहिलं तर नोकरी सोडतात. सांगलीच्या पेठेत एवढा वेळ कुणाला आहे?”

दादा, आधी समोर बोलावं हे मला मान्य आहे. मीही तेच करतो. पण सुनावलेल्यातला आवाज पोराच्या लक्षात राहतो आणि उद्या काय करायचं तेवढं निसटतं.

हळदीच्या वखारीत नवीन लागलेल्या एका पोराने 80 पोत्यांच्या लॉटची ओल 10.5 टक्के लिहिली. आमची मर्यादा 12 ची. माल दळायला गेला तेव्हा मधल्या पोत्यांत 13 निघाली. मी चिठ्ठी दिली: “नोंदी निष्काळजीपणे केल्या आहेत. यापुढे लक्ष द्यावे.” पुढच्या लॉटला त्याने दुप्पट लक्ष देऊन पुन्हा पुढच्याच रांगेतली पोती तपासली! माझ्या चिठ्ठीत पोत्यांबद्दल अक्षर नव्हतं.

मग मी दुसरी चिठ्ठी लिहिली: “मंगळवारच्या लॉटचे नमुने तू पुढच्या रांगेतल्या 4 पोत्यांतून घेतलेस. तिथे वारा लागतो, म्हणून ओल कमी दिसली. मधला माल 13 निघाल्याने तो परत वाळवावा लागला, दोन दिवस गेले. कोणत्या पोत्यातून नमुना घेतला त्याचे नंबर तू लिहिले होतेस, म्हणूनच चूक कुठे झाली ते सापडलं. ती सवय सोडू नकोस. पुढच्या लॉटला पुढून, मधून आणि मागून तीन-तीन पोती घे. किती आणि कुठून घ्यायची हे मी तुला सांगितलं नव्हतं, ते माझं चुकलं. यात काही अडचण असेल तर खाली लिही.”

यात गोड काय आहे सांगा. नंबरांचं कौतुक खरं आहे आणि चुकीशी जोडलेलं आहे. वर-खाली “छान काम” लिहून मध्ये चूक लपवली असती, तर पोराने फक्त ‘छान’ वाचलं असतं. ‘निष्काळजी’ हा शब्द मात्र मी काढला. तो माणसावर बसतो, आणि मला तर फक्त नमुन्याची जागा बदलायची होती. चिठ्ठी त्याच दिवशी, त्याच्याच हातात द्यायची. मालकाला दाखवायची नाही. वेळ म्हणाल तर दहा मिनिटं लागली.

हे सगळीकडे चालत नाही. ओल मोजायचं यंत्र न लावताच कुणी आकडा भरला, तर ती सरळ चौकशीची गोष्ट, तिथे अशी चिठ्ठी देऊ नये.

त्या पोराने चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: “मधली पोती काढायला थप्पी मोडावी लागते. हमाल त्याचे वेगळे पैसे मागतात. मी कुठून देऊ?” सुनावताना हे त्याने मला सांगितलं असतं का? आता माल उतरतानाच, थप्पी लागायच्या आधी नमुने घेतो.