तेरा सेंटिमीटर

फरशी बसली, सांधे भरून झाले, आणि मिस्त्री म्हणाले, "साहेब, खोलीच्या स्कर्टिंगला टाईल किती लागतील तेवढ्या आणून ठेवा. फरशीचीच कापून लावू." एवढं सोपं काम आपल्यावर सोपवल्याचा मला आनंदच झाला. परिमिती म्हणजे लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन. शाळेत शिकलेल्या गणितातलं माझ्या अंगी टिकलेलं ते एकमेव सूत्र होतं.

टेप घेतला. खोली ३७० बाय ३१० सेंटिमीटर, म्हणजे घेर १३६०. त्यातून दारं वजा, कारण दारातून स्कर्टिंग जाऊ लागलं तर माणसं कुठून जाणार? मोठ्या दाराची फळी मोजली, ९०. बाथरूमची ७०. खिडकी १२०, तीही वजा केली. उरले १०८० सेंटिमीटर. पट्टीची उंची दहा. म्हणजे क्षेत्रफळ १०८०० चौरस सेंटिमीटर, आणि साठ बाय साठची एक टाईल ३६०० ची. भागाकार केला तर उत्तर आलं नेमकं तीन. बाकी शून्य! निःशेष भाग जातो तेव्हा उत्तर बरोबरच असतं, असा माझा शाळेपासूनचा समज आहे.

कागद बायकोला दाखवला. तिने तो पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, खिडकीच्या खाली भिंत नाहीये का?"

स्कर्टिंग जमिनीलगत असतं आणि खिडकी कमरेच्या वर. ती वजा करायला आमच्याकडे जमिनीपर्यंतची खिडकी हवी होती. १२० परत मिळवले. तेवढ्यात मिस्त्री येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फळी कशाला मोजली साहेब? पट्टी चौकटीला येऊन थांबते." म्हणजे दाराचं माप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायचं. तसं घेतल्यावर मोठं दार १०० भरलं आणि बाथरूमचं ८०. १३६० उणे १८०, उरले ११८०. भागाकार ३.२८. तीन पूर्ण टाईल आणि वर एक तुकडा, म्हणजे चार. खोक्यात असतातही चारच. एक खोकं आणलं आणि पाऊण टाईल शिल्लक राहणार म्हणून खुशीत राहिलो.

मिस्त्रींनी पहिली टाईल ग्राइंडरखाली घेतली आणि माझ्या भागाकाराची धूळ उडायला सुरुवात झाली.

मी साठ भागिले दहा, सहा पट्ट्या धरल्या होत्या. कागदावर कापणारी रेघ बारीक असते, ग्राइंडरचं पातं मात्र दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि प्रत्येक कापाला तेवढी टाईल त्याच्या पोटात जाते. पाच पट्ट्या पाच कापांत निघाल्या. अडीच पंचे साडेबारा मिलिमीटर पीठ होऊन बादलीत गेले आणि सहावी पट्टी उरली पावणेनऊ सेंटिमीटरची. बाकीच्यांशेजारी ती लावली की वरची ओळ सव्वा सेंटिमीटरने खाली बसते.

"साडेनऊची उंची धरली असती तर सहाच्या सहा निघाल्या असत्या," मिस्त्री सहज म्हणाले.

मी मनातल्या मनात ताळा केला. साडेनऊ सक सत्तावन्न, वर सहा कापांचं दीड, म्हणजे साडेअठ्ठावन्न. साठात आरामात बसतंय. अर्धा सेंटिमीटर कमी केला असता तर भिंतीला ते कळलंही नसतं, आणि चार टाईलमधून वीसऐवजी चोवीस पट्ट्या मिळाल्या असत्या. पण दहाच्या पाच पट्ट्या कापून झाल्या होत्या आणि त्या पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरने तासायला कोणी तयार नव्हतं. दहा हा आकडा मी का धरला होता? पाढा सोपा म्हणून.

आता क्षेत्रफळ विसरून पट्ट्या मोजायच्या होत्या. ११८० भागिले साठ म्हणजे एकोणीस आणि थोडं वर. वीस पट्ट्या हव्यात, चार टाईलमधून वीसच निघतात. जमलं! पण भिंत काही सलग ११८० सेंटिमीटरची नसते. ती कोपऱ्यांत आणि दारांत तुटते. मिस्त्रींनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. लांब भिंती दोन, ३७० च्या. प्रत्येकीला सहा पूर्ण पट्ट्या आणि दहाचा एक तुकडा. बाथरूमच्या भिंतीवर दाराच्या एका बाजूला फक्त पंधरा, दुसऱ्या बाजूला २१५, म्हणजे तीन पूर्ण आणि पस्तीस. मोठ्या दाराच्या भिंतीवर एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दोनशे, म्हणजे तीन पूर्ण आणि वीस. पूर्ण पट्ट्या अठरा झाल्या. तुकडे सहा: १०, १०, १५, ३५, १०, २०.

प्रत्येक तुकड्यासाठी नवी पट्टी फोडली तर चोवीस लागतात. इथे मात्र मिस्त्रींनी कमाल केली. एका पट्टीतून पस्तीस आणि वीस काढले, दुसरीतून पंधरा आणि तीन दहा. एकूण वीस. मी इतका भारावलो की त्यांच्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवायचाच बाकी होतो.

दरम्यान आणखी एक गोष्ट कळली. कारखान्यातली गुळगुळीत कड एका टाईलच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या पट्टीला मिळते. सहावी बाद झाल्यावर ती पहिलीपुरतीच उरली. बाकी पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी कापलेली कड. ती वर आली की तिथे बारीक टवके दिसतात, म्हणून मिस्त्री प्रत्येक पट्टीची वरची कड दगडाने घासत बसले होते. एक अर्धवट घासलेली मी कौतुकाने हातात घेऊन पाहिली. बोट कापलं.

संध्याकाळी शेवटची पट्टी लागली. मी खोलीभर नजर फिरवली आणि मोठ्या दाराशी अडखळलो. चौकट भिंतीच्या पलीकडच्या कडेला बसवलेली आहे, त्यामुळे आपल्या बाजूने भिंतीची जाडी उघडी दिसते. दोन्हीकडे तेरा-तेरा सेंटिमीटर. तिथे पट्टी नव्हती. मी घेर काढताना ती जाडी धरलीच नव्हती. परिमितीच्या सूत्रात भिंतीला जाडी असते कुठे?

"हे राहिलंच की मिस्त्री!"

"तुमच्या हिशेबात नव्हतं ना साहेब. वीस म्हणालात."

तुकडे शोधले. एका कापलेल्या पट्टीचे साडेचार सेंटिमीटर उरले होते, दुसरीचे चौदा. चौदातून एक तेरा निघाला, जेमतेम. दुसऱ्यासाठी काही नव्हतं. मग माझं लक्ष त्या पावणेनऊच्या चार पट्ट्यांकडे गेलं. मी एक उचलून दाराच्या आत धरून पाहिली. शेजारच्या पट्टीच्या वरच्या ओळीला ती कोपऱ्यात येऊन अशी खाली पडली की जणू भिंतच खचली.

"काढा ती," बायको म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाईल."

मग मी पुन्हा दुकानात गेलो. सुटी टाईल मिळत नव्हती, खोकंच घ्यावं लागलं. आधीच्या खोक्यावरचा लॉट नंबर लिहून नेला होता, कारण लॉट बदलला की तीच टाईल वेगळ्या छटेची येते. हे मात्र मी स्वतःहून लक्षात ठेवलं होतं आणि बायकोला तसं दोनदा सांगितलंही. लॉट तोच मिळाला. मिस्त्रींनी नव्या टाईलची दहाची एक पट्टी काढली, तिचा तेरा सेंटिमीटर तुकडा तोडला, लावला, आणि दहा मिनिटांत सामान आवरून निघाले.

तीन अख्ख्या टाईल, एक जवळपास पन्नास सेंटिमीटर रुंदीचा तुकडा आणि त्या पावणेनऊच्या चार पट्ट्या सध्या कपाटामागे भिंतीला टेकून उभ्या आहेत. काल बायकोने विचारलं, बाजूच्या खोलीचं स्कर्टिंग कधी करायचं. मी टेप शोधायला गेलो आणि वाटेत आधी चौकटीकडे पाहिलं.