काच लावून देता, मग अंगठा टेकवायचा कुठं?

तर्री पोह्याच्या ठेल्यावर मागं आठ-दहा माणसं उभी असतात, पैसे द्यायला फोन काढावा तर अंगठा ठेवला की नुसती थरथर. पुसा, दाबा, पुन्हा तेच. लागोपाठ पाच वेळा फसलं की अँड्रॉइड तीस सेकंद बोट घेतच नाही. मग माणूस फोनला शिव्या घालतो. अहो, सेन्सर बहुतेक वेळा धडधाकट असतो! वाट लावलेली असते स्क्रीनवर चिकटवलेल्या टेम्पर्ड काचेनं.

बटणात किंवा मागं सेन्सर असेल तर काचेचा काही संबंध नाही. पण स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर म्हणजे छोटा कॅमेराच. स्क्रीन उजळते, प्रकाश बोटावर आपटून परत खाली येतो आणि रेषांचा फोटो निघतो. आता नागपुरात बर्डीच्या बाजारात दोन मिनिटांत चिकटवून देतात त्यातल्या कितीतरी काचांना गोंद फक्त कडेला असतो. मधे हवेचा पापुद्रा. प्रकाश त्या हवेवरूनच परततो आणि रेषा पांढुरक्या होऊन जातात. अल्ट्रासॉनिक सेन्सरचं तर आणखी वाईट, ध्वनिलहरी हवेचा तेवढा थर ओलांडतच नाहीत. आणि प्रायव्हसी काच? ती प्रकाशच अडवते. हे विकणाऱ्याला माहीत नसावं, हे पटतच नाही!

खात्री करायची तर बोटाच्या खुणेवर नखानं हलकं दाबा. काच किंचित खाली जाऊन इंद्रधनुषी वलय उमटलं तर मधे हवा आहे. मग काच काढा, ठसा नव्यानं नोंदवा आणि दहा वेळा उघडून बघा. काचेसकट तीनदा उघडणारा फोन आता नऊदा उघडला, तर चोर सापडला.

नवी काच पूर्ण गोंदाची घ्या. यूव्ही दिव्याखाली सुकणाऱ्या पातळ गोंदाची लावत असाल तर खुणेवर एकही बुडबुडा राहू देऊ नका आणि गोंद स्पीकरच्या जाळीत उतरू देऊ नका. त्यानंतरचं काम कोणी सांगतच नाही: जुने ठसे पुसून टाका! ते उघड्या स्क्रीनवर घेतलेले असतात, काचेतून दिसणारं चित्र वेगळं असतं. सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी असेल तर आधी ती चालू करा. सावलीत बसा, कडक उन्हात ऑप्टिकल सेन्सर आंधळा होतो. हात धुऊन कोरडे करा. खिशातून फोन काढताना अंगठा जसा तिरपा पडतो, तसाच ठेवा, मग कडा आणि टोक द्या. तोच अंगठा दुसऱ्यांदा वेगळा ठसा म्हणून नोंदवा.

मे महिन्यात मात्र एवढं करूनही अडतं. नागपुरी उन्हानं कातडी इतकी सुकते की रेषा काचेला नीट टेकतच नाहीत. बोटावर हाऽऽ करून वाफ सोडा, उघडतो की नाही बघा. उघडला, तर सेन्सर बदलायला पैसे मागणाऱ्याला तिथंच दारातून परत पाठवा.