गुणक १.५४ आणि तेरा गोण्यांचा स्लॅब

काँक्रीटच्या घनफळाला १.५४ ने गुणून लागणाऱ्या कोरड्या मालाचे माप काढावे, असे मी मूळ लेखात सांगितले होते. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया : "एक घनमीटर काँक्रीटला एक घनमीटरच माल लागणार. सिमेंट, वाळू, खडीच्या १:१.५:३ मिश्रणात साडेपाच भागांपैकी एक भाग सिमेंट, म्हणजे २६२ किलो, सव्वापाच गोण्या. तुम्ही १.५४ ने गुणून त्याच्या आठ गोण्या करता. माझा स्लॅब ५ बाय ४ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. त्याला तेरा गोण्या पुरायला हव्यात; ठेकेदार वीस सांगतो आणि तुमचा लेख त्याचीच बाजू घेतो. आणि काँक्रीट आकसते म्हणता, तर चोपन्न टक्के आकसते का?"

सप्रेम नमस्कार.

सुरुवात आपल्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'पाणी घातल्यावर माल आकसतो, म्हणून १.५४ ने गुणावे' असे मी मूळ लेखात लिहिले होते. हे वाक्य बांधकामावर सर्रास ऐकू येते, पण ते बरोबर नाही आणि मी ते दुरुस्त करत आहे. काँक्रीट सुकताना आकसते हे खरे, मात्र आय.एस. ४५६ हे काँक्रीटकामाचे भारतीय मानक संकल्पनासाठी या आकसण्याचे जे ढोबळ प्रमाण देते ते ०.०००३ इतके आहे, म्हणजे आपल्या पाच मीटर लांबीत जेमतेम दीड मिलिमीटर. त्याचा आणि १.५४ चा काहीही संबंध नाही.

संबंध आहे तो पोकळीचा. माल मोजण्याच्या फर्म्यात भरलेली खडी आपल्याला भरलेली दिसते, परंतु तिच्यात जवळजवळ निम्मी जागा हवेची असते. सुट्या खडीचे वजन घनमीटरला सुमारे १४५० किलो भरते, तर त्याच दगडाचा अखंड घनमीटर ठोकळा सुमारे २७०० किलोचा असतो. कोरड्या सुट्या वाळूचे हे आकडे साधारण १५०० आणि २६५० आहेत, आणि सिमेंटचे १४४० आणि ३१५०. मिक्सरमध्ये खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट आणि पाणी शिरते, आणि तिन्ही मापांची बेरीज कोठेच उरत नाही. एका पातेल्यात लाडू भरून त्यावर साखर ओतली तर दोन पातेली होत नाहीत, तसेच हे आहे.

आता हे एका गोणीवर तपासून पाहू. ५० किलोची गोणी म्हणजे ३४.७ लिटर सुटे सिमेंट. त्याच्या दीडपट वाळू ५२.१ लिटर आणि तिप्पट खडी १०४.२ लिटर, असा एकूण १९१ लिटर कोरडा माल झाला. यातील पोकळी वजा करून फक्त घन भाग मोजला, तर सिमेंट १५.९ लिटर, वाळू २९.५ लिटर आणि खडी ५५.९ लिटर उरते. पाणी मात्र पूर्ण जागा व्यापते, सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पट धरले तर ते २७.५ लिटर होते. बेरीज १२८.८ लिटर. म्हणजे १९१ लिटर मालातून सुमारे १२९ लिटर काँक्रीट निघाले आणि दोहोंचे गुणोत्तर १.४८ आले. एक घनमीटरला या हिशोबाने ७.७६ गोण्या लागतात. आपल्या सव्वापाच गोण्यांचा माल कालवला, तर घनमीटर भरणार नाही. सुमारे दोन तृतीयांश घनमीटरवर काम थांबेल.

येथे आपण विचाराल की १.४८ आले, मग १.५४ का? हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. हा गुणक निसर्गाचा स्थिरांक नाही. याच पद्धतीने १:२:४ साठी, गोणीला ३० लिटर पाणी धरून, तो १.५२ येतो, आणि १:३:६ साठी ३४ लिटर पाण्याने १.५७ येतो. सिमेंट कमी होत गेले की गुणक वाढतो. वेगवेगळ्या पुस्तकांत १.५२ पासून १.५७ पर्यंतचे आकडे सापडतात ते यामुळेच, १.५४ हा त्यांतला मधला, सर्व मिश्रणांना चालवून घेतलेला आकडा आहे. १:१.५:३ ला तो थोडा सढळ पडतो, पण सांडलवंड आणि घमेल्यांना चिकटून राहिलेला माल त्यात निभावून जातो. माल मागवण्यासाठी मी तो वापरतो. काँक्रीटची ताकद ठरवण्यासाठी वापरू नये.

त्या गुणकाने एक घनमीटरचा हिशोब असा होतो. १.५४ भागिले ५.५ म्हणजे ०.२८ घनमीटर सिमेंट, त्याला १४४० ने गुणून ४०३ किलो, म्हणजे ८.०६ गोण्या. वाळू ०.४२ आणि खडी ०.८४ घनमीटर. आपला स्लॅब २.५ घनमीटरचा आहे, तेव्हा सिमेंट वीस गोण्या, वाळू १.०५ घनमीटर आणि खडी २.१ घनमीटर. आपल्याकडे ब्रासनेच बोलतात; एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणून वाळू ०.३७ आणि खडी ०.७४ ब्रास. (यात तुळया धरलेल्या नाहीत. त्या असतील तर त्यांचे माप वेगळे घ्यावे.)

ठेकेदाराचा आकडा बरोबर आहे म्हणून त्याचे काम बरोबर असेलच असे नाही, आणि खरी गफलत बहुधा वाळूत होते. वरचे सारे आकडे कोरड्या वाळूचे आहेत. ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पापुद्र्याने एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला ही फुगवट २५ टक्क्यांपर्यंत सहज जाते. मग दीड फर्मा ओल्या वाळूत प्रत्यक्षात १.२ फर्मेच वाळू असते. काँक्रीट खडबडीत होते, एका गोणीतून १२९ ऐवजी १२३ लिटरच निघते आणि आपल्या स्लॅबला जवळपास एक गोणी जास्त लागते. शिवाय त्या वाळूतून गोणीमागे सुमारे तीन लिटर पाणी न मोजता आत जाते. तपासणी सोपी आहे : सरळ भिंतीच्या भांड्यात ओली वाळू न दाबता २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरावी, ती बाहेर काढून भांडे अर्धे पाण्याने भरावे, वाळू पुन्हा आत सोडून ढवळावी आणि बसू द्यावी. ती १६० मिलिमीटरवर बसली, तर फुगवट २५ टक्के. त्या दिवशी फर्मा दीडऐवजी १.८८ भरावा. सिमेंट मात्र कधीही फर्म्याने मोजू देऊ नये, अख्खी गोणीच घालावी.

आता आपल्या तेरा गोण्यांविषयी. २.५ घनमीटरचा स्लॅब तेरा गोण्यांत पूर्ण झालेला दिसला, तर ती बचत नसते. घनमीटरला ५.२ गोण्या म्हणजे १:२:४ पेक्षाही कमी सिमेंटचे मिश्रण, कारण त्याला वरच्या पद्धतीने ६.२६ गोण्या लागतात, आणि १:३:६ ला साडेचार. २६० किलो सिमेंट हे आय.एस. ४५६ ने सळईच्या काँक्रीटसाठी अगदी सौम्य परिस्थितीत ठरवलेल्या घनमीटरला ३०० किलो या किमान मर्यादेच्याही खाली जाते. म्हणून ओतकामाच्या दिवशी रिकाम्या गोण्या एका बाजूला रचायला सांगा आणि संध्याकाळी स्वतः मोजा. एकोणीस-वीस भरल्या तर प्रमाण ठीक आहे. पंधरा-सोळा भरल्या, तर आपल्या स्लॅबमध्ये १:२:४ गेले आहे. बावीस भरल्या, तर आधी स्लॅबची जाडी तपासा; सेंट्रिंग खाली बसून १२५ ची १३५ मिलिमीटर झाली, तर तेवढ्यानेच दीड गोणी वाढते.