सीड एकच ठेवला तरी झूल का लुकलुकते?

चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलनं व्हिडिओ रंगवायचा, तर हा सल्ला हमखास मिळतो: "क्लिपच्या सगळ्या फ्रेम काढा, प्रत्येकीला तोच प्रॉम्प्ट आणि तोच सीड लावा, परत जोडा. फ्लिकर राहिलाच तर शेवटी डीफ्लिकर मारा. झालं ॲनिमेशन."

असंच करून परभणीकडच्या आमच्या गावातली पोळ्याची आठ सेकंदांची क्लिप मी रंगवली. मोबाईल ट्रायपॉडवर, मागे मातीची भिंत, समोरून बाशिंग बांधलेला बैल चालत जातो आणि मध्येच मान वळवतो. सेकंदाला 12 फ्रेम, म्हणजे 96 चित्रं. एकेक चित्र देखणं, पण चालवली की झूल नुसती खदखदते. 41व्या फ्रेममध्ये झुलीवर पाच आरसे, 42व्या फ्रेममध्ये सात.

सीड हा एक आकडा, त्यावरून सुरुवातीचा नॉइज ठरतो, म्हणजे ज्या विस्कळीत ठिपक्यांतून मॉडेल चित्र घडवतं ते. सीड एकच म्हणजे सुरुवातीचा नॉइज एकच. पण तो नॉइज पडद्याला चिकटलेला असतो, बैलाला नाही. बैल थोडा पुढे सरकला की झुलीच्या त्याच जागी दुसरा नॉइज येतो आणि मॉडेल तिथं नव्यानं नक्षी काढतं. भिंत हलत नाही, म्हणून ती बऱ्यापैकी स्थिर दिसते. ज्यांनी फारशी हालचाल नसलेल्या शॉटवर करून पाहिलं, त्यांना हा सल्ला म्हणूनच खरा वाटतो. मॉडेलनं मूळ फ्रेम किती बदलायची हे ठरवणारी डिनॉइजिंग स्ट्रेंग्थ उतरवली तर लुकलुक कमी होते, पण शैलीही फिकी पडते.

डीफ्लिकर तर वेगळ्याच दुखण्यावरचं औषध आहे. कमांड देऊन व्हिडिओवर काम करणाऱ्या ffmpeg मधला `deflicker` शेजारच्या फ्रेमांचा उजेड सारखा करतो. पाचाचे सात आरसे झाले, हे त्याला कळतच नाही.

दोष नेमका कुठं आहे ते असं बघा:

```
ffmpeg -i rangit.mp4 -vf "format=gbrp,tblend=all_mode=difference,format=yuv420p" farak.mp4
```

लागोपाठच्या दोन फ्रेमांतला फरक तेवढा उजळ दिसतो. मूळ क्लिपचाही असाच फरक काढून शेजारी लावा. मूळ जिथं काळी आणि रंगवलेली उजळ, तिथं फ्लिकर.

शेवटी मी 96 फ्रेम रंगवायचं सोडलं आणि तीनच निवडल्या: पहिली, मान वळून झाल्यावरची आणि शेवटची. तिन्ही एकाच मोठ्या चित्रात शेजारी मांडून एकदमच रंगवल्या, म्हणजे झुलीचा लाल रंग आणि आरसे तिन्हींत जुळतात. मग कापून एबसिंथ या प्रोग्रामला की-फ्रेम म्हणून दिल्या. ते मूळ क्लिपमधली हालचाल धरून की-फ्रेमवरचा रंग मागच्या-पुढच्या फ्रेमांवर नेतं, त्यामुळे आरसे झुलीबरोबर सरकतात. मधली फ्रेम वळणानंतरचीच हवी. मान वळल्यावर पलीकडचा डोळा नव्यानं दिसतो, तो पहिल्या की-फ्रेममध्ये नसतोच, आणि तिथं रंग फरफटतो.

खुरांची धूळ मात्र अशी धरता येत नाही. ती पारदर्शक आणि आकार बदलणारी, तिच्या हालचालीचा माग लागत नाही. ती मी वेगळ्या थरावर हातानं काढली, 30 फ्रेमा.