गीताची कुस्ती पडद्यावर अवघड झाली, आखाड्यात नव्हती

‘“दंगल”मध्ये दाखवलंय ते सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. शेवटच्या सेकंदांचा डाव, कोंडून ठेवलेला बाप, सगळं खरं,’ असं तुम्ही म्हणता.

बाप खरा, हरियाणातल्या बलाली गावची माती खरी, आणि राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकणारी गीता फोगाट पहिली भारतीय महिला, हेही खरं. पण तुम्ही नेमक्या ज्या दोन गोष्टींची नावं घेतलीत, त्याच रचलेल्या आहेत.

आधी शेवटची कुस्ती. पडद्यावर गीता एक फेरी जिंकते, दुसरी हरते, तिसरीत मागे पडते आणि वेळ संपता संपता पाच गुणांचा डाव मारते. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत ५५ किलो गटाच्या अंतिम लढतीत तिने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असं हरवलं. तिसरी फेरी झालीच नाही. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत आणि दोन जिंकल्या की कुस्ती संपे. पहिल्या फेरीत एक गुण घेऊन तो राखायचा, समोरचीला पायाला हात घालू द्यायचा नाही, हे मॅटवरचं फार कसबाचं काम. दुसरीत तर तिने थेट सात गुण घेतले. कॅमेऱ्याला यात धडधड सापडत नाही, म्हणून ही सरळ कुस्ती अटीतटीची केली. माझ्या मते त्यात गीताच लहान झाली.

कोंडलेला बाप तर घडलाच नाही. चित्रपटात अंतिम लढतीच्या वेळी त्याला खोलीत कोंडून घालणाऱ्या प्रशिक्षकाला आपल्याकडचं कदम आडनाव दिलंय, पण तसा माणूस नव्हता. तेव्हाचे खरे प्रशिक्षक प्यारा राम सोंधी यांनी या चित्रणावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मग खोली कशाला? दुबळ्याच्या विजयाच्या कथेत गुरू ऐनवेळी दूर करावा लागतो, म्हणजे शिष्याला एकट्याने डाव आठवावा लागतो. शिवाय बंद खोलीत राष्ट्रगीत ऐकू आल्यावरच बापाला निकाल कळतो. तो प्रसंग पाहताना माझेही डोळे भरून आले होते, पण एका हयात माणसाच्या जागी खलनायक उभा केला, हे मला पटत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या ‘सगळं’मध्ये येते. अकादमीत गेल्यावर गीता परदेशी मल्लांकडून हरतच राहते, असं दाखवलंय. प्रत्यक्षात २००९ मध्ये जालंधरच्या राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं होतं. दिल्लीला ती विजेती म्हणून उतरली होती. ते दाखवलं असतं तर ती दुबळी कशी वाटणार?

सांगलीत हे बोलायला हवं. २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी इथेच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. आता तालमीत येणाऱ्या पोरी ‘दंगल’ पाहून पाच गुणांची फेक मागतात. त्यांच्या वस्तादांनी त्यांना ती १-० ची फेरी आधी सांगावी.